दुरुस्तीच्या व्हिडिओची संहिता: चूक माझी आहे, मसुदा वाचून सांगा

तंत्रसोबती

माझं फोन वापरायला शिकवणारं छोटं चॅनल आहे. प्रेक्षक बहुतेक साठीच्या पुढचे. 41 दिवसांपूर्वी फोनमधली जागा कशी मोकळी करायची यावर व्हिडिओ टाकला. त्यात गूगल फोटोज उघडून फोटो निवडले, डिलीट केले आणि म्हणालो, "घाबरू नका, क्लाउडवरची प्रत तशीच राहते." हे साफ चूक आहे. त्या अ‍ॅपमधून बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की तो क्लाउडवरूनही जातो. आधी Trash मध्ये जातो, तिथे 60 दिवस राहतो आणि मग कायमचा पुसला जातो. त्यावर कडी म्हणजे शेवटी मी सांगितलं, "Trash पण रिकामं करून टाका."

व्हिडिओ 62 हजार वेळा पाहिला गेलाय. काल रात्री चूक लक्षात आली, तेव्हापासून झोप नाही. दुरुस्तीचा व्हिडिओ उद्या टाकायचाय. त्याची सुरुवात अशी लिहिली आहे:

"नमस्कार मित्रांनो. आज जरा जड मनानं तुमच्यासमोर आलोय. इतकी वर्षं तुम्ही भरभरून प्रेम दिलंत. मागच्या एका व्हिडिओबद्दल काही प्रेक्षकांचा गैरसमज झाल्याचं लक्षात आलं. अनवधानानं त्यात एकदोन गोष्टी नीट मांडल्या गेल्या नाहीत. कुणाची गैरसोय झाली असेल तर मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. शेवटी मीही माणूसच आहे."

यात काय बदलू?

निनाद_न

दादा, एवढं टेन्शन घेऊ नका. चूक कबूल केली की लोकांचं प्रेम वाढतंच, हे मानसशास्त्रात सिद्ध झालंय. अ‍ॅरन्सनचा 1966 चा प्रयोग आहे. हुशार माणसाच्या हातून कॉफी सांडली तर तो लोकांना जास्त आवडायला लागतो. तुमचा शेवटचा "मीही माणूसच आहे" त्यासाठी एकदम बरोबर आहे. तो ठेवाच.

मेधा_संहिता

निनाद, प्रयोग खरा आहे, पण तो इथे लागू पडत नाही. त्या माणसानं कॉफी स्वतःच्या अंगावर सांडली होती, ऐकणाऱ्याचं काही बिघडलं नव्हतं. शिवाय त्यानं प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली होती. ज्याची उत्तरं सामान्य होती, तो कॉफी सांडल्यावर लोकांना आणखी कमी आवडला. इथे तर उत्तरच चुकलंय आणि नुकसान ऐकणाऱ्याचं झालंय.

तंत्रसोबती, मी माहितीपर व्हिडिओंच्या संहिता तपासते, म्हणून स्पष्टच लिहिते. मराठीत कर्ता गायब करणं फार सोपं आहे आणि तुमच्या मसुद्यात चुकीबद्दलच्या प्रत्येक वाक्यातून तो गायब झालाय. "नीट मांडल्या गेल्या नाहीत." कोणी मांडल्या नाहीत? "गैरसमज झाला" म्हटलं की चूक समजून घेणाऱ्याची होते. प्रत्यक्षात तुमच्या प्रेक्षकांना तुम्ही सांगितलेलं अगदी बरोबर समजलं होतं, म्हणून तर त्यांनी फोटो डिलीट केले. "गैरसोय झाली असेल तर" मधल्या "असेल तर"नं नुकसानच शंकास्पद ठरतं. आणि "एकदोन गोष्टी" म्हणजे कोणत्या, ते ऐकणाऱ्याला कळणार कसं?

"माझ्याकडून चूक झाली" हेसुद्धा मी टाळते. त्यात चूक आपोआप घडल्यासारखी वाटते. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं" या वाक्यात सांगणारा आहे, ऐकणारा आहे आणि काय घडलं तेही आहे. हेच पहिलं वाक्य होऊ द्या.

पण माझ्या मते याहून मोठा प्रश्न वेळेचा आहे. ज्यानं पहिल्याच दिवशी तुमचं ऐकलं, त्याच्याकडे आता 19 दिवस उरलेत. तुमच्या मसुद्यात पहिलं अर्धं मिनिट फोटो हा शब्दच येत नाही. तो माणूस "जड मनानं" ऐकूनच पुढे सरकेल.

सुहास_४७

माझेही जुने फोटो गेलेत, दोन वर्षांपूर्वी फोन पाण्यात पडला होता. ते Trash मध्ये मिळतील का?

तंत्रसोबती

सुहासकाका, तेव्हा बॅकअप चालू असेल तर फोटो अ‍ॅपमध्ये नेहमीच्या जागीच दिसतील, त्याच खात्यानं लॉगिन करून बघा. बॅकअप बंद असेल तर Trash चा उपयोग नाही. तिथे फक्त डिलीट केलेल्या गोष्टी जातात.

मेधाताई, वाचून कान गरम झाले, पण पटलं. "गैरसमज" मी जाणूनबुजून लिहिला नव्हता. नोटिशीत असतं तसं आपोआप आलं.

गणितवाली

माझा अनुभव सांगते. एका व्हिडिओत मी असमतेच्या दोन्ही बाजूंना ऋण संख्येनं गुणलं आणि चिन्ह उलटवायला विसरले. लक्षात आल्यावर व्हिडिओ काढून टाकला आणि त्याच नावानं नवीन बरोबर व्हिडिओ चढवला. वाटलं, निस्तरलं. दोन महिन्यांनी एका मुलीचा निरोप आला: "मॅडम, तुम्ही तर चिन्ह तसंच ठेवायला शिकवलं होतं." तिनं जुना पाहिला होता. नवा ती कशाला पाहील? तिच्या दृष्टीनं तो धडा झालेला होता. जुन्याबरोबर त्याखालच्या टिप्पण्याही गेल्या. त्यात एका मुलानं माझी चूक आधीच दाखवली होती, ती मी वाचली नव्हती.

म्हणून सांगते, गुपचूप बदलू नका. ज्यांनी चुकीचं पाहिलंय त्यांना बोलावून सांगावं लागतं.

मेधा_संहिता

गणितवाली, अगदी. जुन्या मराठी पुस्तकांत शेवटी शुद्धिपत्र असायचं: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. चूक नेमकी कुठे आहे ते आधी, मग अशुद्ध, मग शुद्ध. त्यातली पृष्ठ आणि ओळ देण्याची सवय व्हिडिओनं जरूर घ्यावी. क्रम मात्र उलटा ठेवावा, आधी शुद्ध आणि मग अशुद्ध. ऐकणाऱ्याच्या कानात पहिलं वाक्य राहतं.

आणखी एक गोष्ट. जॉन्सन आणि सायफर्ट यांनी 1994 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना गोदामाला लागलेल्या आगीची बातमी टप्प्याटप्प्यानं वाचायला दिली. आधी सांगितलं की कपाटात रंगाचे डबे आणि गॅसची नळकांडी होती. नंतर सांगितलं की ते चुकीचं होतं, कपाट रिकामं होतं. तरी आग कशानं भडकली असं विचारल्यावर लोक त्या डब्यांकडेच बोट दाखवत राहिले. दुसरं कारण मिळालं, म्हणजे आग मुद्दाम लावल्याच्या खुणा सापडल्या असं सांगितलं, तेव्हाच पहिल्या माहितीची पकड सैल झाली. म्हणजे नुसतं "ते खरं नव्हतं" म्हणून भागत नाही, रिकामी झालेली जागा भरावी लागते. तुमच्या बाबतीत तसे दोन प्रश्न आहेत. जागा मोकळी करायची बरोबर पद्धत कोणती? आणि तुम्ही तर पडद्यावर करून दाखवलं होतं, मग तेव्हा क्लाउडवर फोटो दिसला कसा?

तंत्रसोबती

त्याचं उत्तर काल सापडलं. ज्या फोनवर दाखवत होतो त्याचं इंटरनेट बंद होतं, चित्रीकरणात सूचना येऊ नयेत म्हणून. फोटो डिलीट केला आणि लगेच संगणकावर पाहिलं, तर फोटो तिथे होता. फोन ऑफलाइन असल्यामुळे डिलीट केल्याचं क्लाउडला कळलंच नव्हतं. संध्याकाळी फोन नेटवर आल्यावर तो तिथूनही गेला असणार, पण मी पुन्हा पाहिलं नाही.

बरोबर पद्धत म्हणजे अ‍ॅपमधल्या स्वतःच्या चित्रावर टॅप करून Free up space हा पर्याय. बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत तो काढतो.

रानफूल

मी व्हिडिओ बनवत नाही, फक्त पाहते. तुमचा तो व्हिडिओ माझ्या आईनं पाहिला होता आणि तिनं Trash सुद्धा रिकामं केलं. मी तिसऱ्या आठवड्यात तुमच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं की क्लाउडवरूनही फोटो गेले. तुमचं उत्तर आलं, "तुमच्या फोनचं सेटिंग तपासा, माझ्याकडे व्यवस्थित चालतं." खाली दहाबारा जणांनी त्या उत्तराला पसंती दिली होती. मी गप्प बसले. आईला वाटलं, तिनंच काहीतरी चुकीचं दाबलं. अजूनही तिला तसंच वाटतं.

तुम्ही लिहिलंत की काल रात्री चूक लक्षात आली. ती तुम्हाला तीन आठवड्यांपूर्वी सांगितली होती.

तंत्रसोबती

टिप्पणी आत्ता शोधून वाचली. हो, मी तसंच उत्तर दिलं होतं, न तपासता. धाग्याच्या सुरुवातीला मी हे लिहिलं नाही आणि मसुद्यातही नव्हतं. तुमची आणि आईंची माफी मागतो. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. मी सांगितलं तेच त्यांनी केलं.

मेधा_संहिता

आता संहितेचा खरा गाभा हाती आला. अ‍ॅप चुकीचं समजणं ही माहितीची चूक आहे, लोक ती समजून घेतात. सांगणाऱ्यालाच खोटं पाडणं ही वागणुकीची चूक आहे आणि विश्वास तिथे तुटला. ही दुसरी चूक दुरुस्तीत नसेल तर रानफूलसारखं कुणीही त्या व्हिडिओखाली जुनी टिप्पणी चिकटवेल, आणि मग अख्खी दुरुस्तीच लपवाछपवी वाटेल.

कुर्झगेसाग्टसारख्या मोठ्या विज्ञान चॅनलच्या बाबतीत असं घडलं होतं. 2019 मध्ये त्यांनी स्वतःच्या व्हिडिओंवर किती विश्वास ठेवावा यावर एक व्हिडिओ केला, व्यसनावरचा आणि निर्वासितांवरचा असे आपले दोन जुने व्हिडिओ कमी पडल्याचं सांगितलं आणि ते काढून टाकले. दुरुस्ती म्हणून तो नेटकाच होता. पण व्यसनाच्या त्याच व्हिडिओबद्दल आपण त्यांना आधीच प्रश्न पाठवले होते, असं एका लहान चॅनलवाल्यानं पुढे येऊन सांगितलं. दुरुस्तीत त्याचा उल्लेख नव्हता. मग चर्चा दुरुस्तीची न राहता वेळेची आणि हेतूची झाली. चूक कोणी दाखवली आणि केव्हा, हे वाक्य गाळू नये ते यासाठी.

निनाद_न

पण मग माफी नीट मागायला नको का? एवढं झाल्यावर "मला माफ करा" दोनतीनदा तरी यायला हवं ना.

मेधा_संहिता

एकदा पुरे. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये माफीचे सहा भाग वेगवेगळे करून लोकांना तपासायला दिले होते. सगळ्यांत वजनदार ठरलं ते "दोष माझा आहे" हे मान्य करणं, त्याखालोखाल नुकसान भरून काढण्याची तयारी. "मला क्षमा करा" ही विनंती तळाला गेली. मला त्याचं कारण असं वाटतं की क्षमा मागितली की समोरच्यावर काम येऊन पडतं. रानफूलच्या आईनं आधी फोटो गमावायचे आणि वर क्षमाही करायची.

तंत्रसोबती

रात्रभर बसून पुन्हा लिहिलं. बोलायला दीड मिनिट लागतं, पुढे पडदा दाखवून फोटो परत आणायची कृती आहे.

"तुम्ही गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केले असतील, तर आत्ताच Trash उघडा. काही फोनवर त्याला Bin म्हणतात. फोटो तिथे असतील तर त्यावर बोट दाबून धरा आणि Restore दाबा. डिलीट केल्यापासून 60 दिवसांपर्यंतच ते परत मिळतात, म्हणून आधी हे करा आणि मग माझं पुढचं ऐका.

जागा मोकळी करण्याच्या व्हिडिओत, 4 मिनिटं 12 सेकंदांवर, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्या अ‍ॅपमधून डिलीट केलेला फोटो क्लाउडवरूनही जातो. मी म्हणालो होतो की तो राहतो.

मी तपासलं तेव्हा माझ्या फोनचं इंटरनेट बंद होतं, त्यामुळे क्लाउडवर फोटो दिसत राहिला. मी पुन्हा पाहायला हवं होतं, पाहिलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका प्रेक्षक ताईंनी ही चूक मला लिहून सांगितली होती. मी न तपासता त्यांना म्हणालो की तुमचं सेटिंग चुकलंय. त्या बरोबर होत्या. त्यामुळे मधले तीन आठवडे वाया गेले, आणि ते तुमचे होते.

ज्यांनी माझं ऐकून Trash सुद्धा रिकामं केलं, त्यांचे फोटो तिथून परत मिळत नाहीत. तुम्ही काहीही चुकीचं दाबलेलं नाही, मी सांगितलं तेच तुम्ही केलंत. ते फोटो कुणाला पाठवले असतील तर त्यांच्याकडे विचारा. जुना फोन, मेमरी कार्ड, संगणक बघा. मी तुमची माफी मागतो.

आता जागा मोकळी करायची बरोबर पद्धत दाखवतो."

मेधा_संहिता

यात हात घालावासा वाटत नाही. एकच सांगते, "मी पुन्हा पाहायला हवं होतं, पाहिलं नाही" नंतर एक श्वास थांबा. कारण सांगून लगेच पुढे गेलात तर ती सबब वाटते.

जुन्या व्हिडिओचंही बघा. यूट्यूबवर त्याच दुव्यावर नवी फाइल चढवता येत नाही. पण वर्णनात शुद्धिपत्र देता येतं. Corrections हा शब्द इंग्रजीतच, स्वतंत्र ओळीवर लिहायचा, त्याखाली वेळ आणि दुरुस्ती मराठीत. विभागांच्या वेळा दिल्या असतील तर हे त्यांच्या खाली:

```
Corrections:
4:12 फोटो क्लाउडवरूनही डिलीट होतो. 60 दिवसांच्या आत Trash मधून परत आणा.
```

मग त्या वेळेला व्हिडिओच्या कोपऱ्यात खूण दिसते. मात्र ही खूण पहिल्या दुरुस्तीच्या वेळेलाच येते, आणि ज्यांनी आधीच पाहिलंय त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही. ते काम नव्या व्हिडिओचं आणि वर पिन केलेल्या टिप्पणीचं.

गणितवाली

वर्णन वाचतं कोण? एडिटरमधून तो चुकीचा तुकडाच कापून टाका. दुवा आणि टिप्पण्या तशाच राहतात. माझ्या वेळी मला हे माहीत नव्हतं.

मेधा_संहिता

कापता येतो. एक लाखाच्या वर पाहिलेल्या व्हिडिओत मात्र कमाई सुरू नसलेल्या चॅनलला अडचण येऊ शकते, इथे 62 हजारच आहेत. पण कापल्यावर पुढच्या सगळ्या वेळा सरकतात, वर्णनातल्या बदलाव्या लागतील. आणि मला खरी अडचण वेगळी वाटते. तुकडा गेला की रानफूलची टिप्पणी हवेत लटकते. नवीन पाहणाऱ्याला वाटेल, या बाई कशाबद्दल बोलताहेत? मी चूक ठेवून खूण करेन.

गणितवाली

आणि उद्या कुणी खूण न बघता तेच करून बसलं तर? पुरावा जपायचा म्हणून धोका चालू ठेवायचा का? असमतेचं चिन्ह असतं तर तुमचं ऐकलं असतं, पण इथे फोटो जातात.

रानफूल

मलाही कापलेलं चालेल. माझ्या टिप्पणीखालचं तुमचं उत्तर मात्र पुसू नका. त्याच्याखालीच नवं उत्तर लिहा.

तंत्रसोबती

पाच दिवसांनी कळवतोय. दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ टाकला, तुकडा कापला, पिन केलेल्या टिप्पणीत काय कापलं आणि का ते लिहिलं. तुकडा गेल्यामुळे वर्णनातल्या दुरुस्तीला जिथून कापलं तिथली वेळ दिली. रानफूलताईंच्या टिप्पणीखाली जुनं उत्तर ठेवून त्याखाली लिहिलं: "तुम्ही बरोबर होतात, मी तपासलं नव्हतं."

फोटो परत मिळाल्याचं शंभरेक लोकांनी लिहिलंय. चौदा जणांनी लिहिलंय की Trash रिकामं केलं होतं. त्या प्रत्येकाला मी स्वतः उत्तर दिलं. दोघांनी चॅनल सोडत असल्याचं सांगितलं, त्यांना थांबा म्हटलं नाही. एका काकांनी लिहिलं, यापुढे काहीही डिलीट करण्याआधी नातवाला विचारणार. त्यांनाही म्हटलं, जरूर विचारा.

आकडा मात्र बघवत नाही. जुना 62 हजार, दुरुस्ती 9 हजार.

निनाद_न

हे तर नेहमीचंच आहे. दुरुस्तीला कोण क्लिक करतं? शीर्षक काय दिलंय?

तंत्रसोबती

"माझ्या व्हिडिओतली चूक आणि दुरुस्ती."

मेधा_संहिता

निनादचा प्रश्न नेमका आहे. त्या शीर्षकात तुम्ही आहात, प्रेक्षक नाही. ज्याचे फोटो गेलेत त्याला तुमच्या चुकीचं काय? तो त्याचे फोटो शोधतोय. "डिलीट झालेले फोटो 60 दिवसांच्या आत परत आणा" असं काही द्या, चूक दुसऱ्या भागात येऊ द्या. आणि जुन्या व्हिडिओचं शीर्षकही बदला. तो अजून शोधात वर येत असेल, तर ती तुमची सगळ्यांत मोठी पाटी आहे.

रानफूल

आईला तुमचा व्हिडिओ दाखवला. "तुम्ही काहीही चुकीचं दाबलेलं नाही" इथे तिनं थांबवायला सांगितलं आणि ते वाक्य पुन्हा ऐकलं. फोटो मिळाले नाहीत. मावशीच्या फोनमध्ये सहासात सापडले. माझा राग अजून आहे.

तंत्रसोबती

रानफूलताई, तो असू द्या. कळवलंत, आभार.

दोन्ही शीर्षकं आत्ता बदलली. पहिल्या दिवशी डिलीट केलेल्यांचे 14 दिवस उरलेत. उद्या एक मिनिटाची छोटी चित्रफीतही टाकतोय, फक्त Restore ची कृती. थंबनेलवर Trash शब्द ठेवू की कचरापेटीचं चित्र?

गणितवाली

दोन्ही. चित्र ते ओळखतात, पण अ‍ॅपमध्ये त्यांना तो शब्द शोधायचाय. आणि शब्द जसा पडद्यावर दिसतो तसाच लिहा, त्याच लिपीत.

सुहास_४७

फोटो मिळाले. Trash मध्ये नव्हते, जुन्या खात्यात होते.